पाच मीटरांच्या नळीतले दहा सेकंद

रेडिओग्राफर म्हटलं की बहुतेकांना दवाखान्यातली एक्स-रे खोली आठवते. तिथल्या संरक्षणाचा पाया त्या मानाने सोपा आहे. बटण सोडलं की यंत्रातून किरण येणं थांबतं, भिंतींत शिसं घातलेलं असतं आणि तंत्रज्ञ काचेआड उभा राहतो. हा लेख दुसऱ्या रेडिओग्राफरविषयी आहे. पाइपलाइनचे, बॉयलरचे आणि तेलाच्या टाक्यांचे वेल्डिंगचे जोड तपासण्यासाठी तो रात्री उघड्यावर काम करतो. त्याच्याजवळचा सोर्स म्हणजे इरिडियम-१९२ च्या, दोन-तीन मिलिमीटर व्यासाच्या चकत्या बंद केलेली एक कुपी. तिला बटण नसतं आणि ती सतत गॅमा किरण सोडत असते. म्हणून वेळ, अंतर आणि आडोसा ही संरक्षणाची तीन साधनं त्याला दर शॉटला नव्याने जमवावी लागतात.

भारतात या कामाची सूत्रं बरीचशी मुंबईत आहेत. इरिडियम तुर्भ्याच्या अणुभट्टीत किरणोत्सारी केलं जातं, कुप्या वाशीच्या ब्रिट या संस्थेकडून मिळतात आणि नियमन अणुशक्तिनगरच्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे. मंडळाने कामगारासाठी पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा घातली आहे, म्हणजे वर्षाची सरासरी २० पडते. सर्वसामान्य माणसासाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट एवढीच मुभा आहे. तिची ५० आठवड्यांवर वाटणी केली तर आठवड्याला २० मायक्रोसिव्हर्ट येतात. साइटभोवती दोरी कुठे बांधायची, म्हणजे कॉर्डन किती मीटरवर घालायचा, हे या २० च्या आकड्यावरून काढता येतं.

शिकवताना वेळ, अंतर आणि आडोसा ही तिन्ही एका दमात, जणू सारख्या वजनाची म्हणून सांगितली जातात. प्रत्यक्ष आकडे मांडले की त्यांची वजनं किती वेगळी आहेत ते कळतं. एक साधन बदललं की दुसऱ्याचं मोलही बदलतं, आणि माझ्या मते नियोजनातल्या बहुतेक चुका नेमक्या इथे होतात. म्हणून एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत सोडवू.

समजा सोर्स ३० क्युरीचा आहे. इरिडियमच्या एका क्युरीपासून १ मीटरवर तासाला साधारण ४.८ मिलिसिव्हर्ट मिळतात. नियोजनात ५ धरावेत, कारण हिशेब सोपा होतो आणि चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होते. म्हणजे आपल्या सोर्सपासून १ मीटरवर तासाला १५० मिलिसिव्हर्ट. पुढचं काम व्यस्त वर्गाचा नियम करतो. किरण चहूकडे पसरतात आणि अंतर दुप्पट झालं की तेच किरण चौपट क्षेत्रावर वाटले जातात, त्यामुळे मात्रेचा दर चौथ्या हिश्शावर येतो. २ मीटरवर ३७.५, ५ मीटरवर ६, १० मीटरवर दीड मिलिसिव्हर्ट. ५० मीटरवर तासाला ६० मायक्रोसिव्हर्ट उरतात.

हाच नियम उलट्या दिशेने लावला की वेगळंच चित्र दिसतं. १० सेंटिमीटरवर तासाला १५ सिव्हर्ट होतात आणि १ सेंटिमीटरवर १५००, म्हणजे दर सेकंदाला ०.४ सिव्हर्टच्या वर. बोटांच्या त्वचेबाबत सिव्हर्टऐवजी ग्रे म्हणणं जास्त बरोबर, पण त्याने आकड्याचा धाक कमी होत नाही. १९९९ च्या फेब्रुवारीत पेरूमधल्या यानांगो जलविद्युत केंद्रावर एका वेल्डरने संरक्षक पेटीतून निसटलेला ३७ क्युरीचा इरिडियम सोर्स उचलून पँटच्या मागच्या खिशात टाकला आणि काही तास तसाच वागवला. आपल्याच सूत्राने १ सेंटिमीटरवर ही मात्रा मिनिटाला सुमारे ३० सिव्हर्ट येते. त्याचा पाय कापावा लागला. सोर्सला हात लावायचा नाही हा नियम म्हणून पाठ असतो. पण चिमटा दीड मीटरचा का हवा, ३० सेंटिमीटरचा का चालत नाही, हे व्यस्त वर्गानेच कळतं. त्याकडे शेवटी येऊ.

या नियमाच्या मर्यादाही आहेत. सोर्स बिंदूएवढा मानलेला असतो, त्यामुळे कुपीच्या अगदी लगत तो नीट लागू पडत नाही. सोर्सच्या आकाराच्या पाच-दहा पट लांब गेल्यावर विश्वासाचा होतो. दुसरं म्हणजे जमीन, भिंत, टाकीचा पत्रा यांवर आपटून किरण विखुरतात. उघड्या माळावर हिशेब जवळपास जुळतो, दोन मोठ्या टाक्यांच्या मधल्या बोळात जुळत नाही. कागदावर काढलेलं अंतर म्हणजे दोरी कुठून बांधायला सुरुवात करायची याचा अंदाज. दोरीची अंतिम जागा सर्व्हे मीटर ठरवतो.

आता काम. समजा एका शॉटला ३ मिनिटं लागतात, रात्री १० शॉट होतात आणि आठवड्यात पाच रात्री काम चालतं. आठवड्याला ५० शॉट, म्हणजे १५० मिनिटं, अडीच तास. सोर्स पूर्ण उघडा असेल तर १ मीटरवर आठवड्याला १५० गुणिले अडीच, म्हणजे ३७५ मिलिसिव्हर्ट. कॉर्डनवर हवेत २० मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे मात्रा १८,७५० पटींनी उतरली पाहिजे. त्याचं वर्गमूळ १३७. उघड्या सोर्सचा कॉर्डन सगळीकडून १३७ मीटरवर पडतो आणि तिथे मीटर तासाला साधारण ८ मायक्रोसिव्हर्ट दाखवतो.

गावाला लागून चाललेल्या पाइपलाइनवर १३७ मीटर मोकळी जागा सहसा मिळत नाही, म्हणून आडोशाकडे वळावं लागतं. इरिडियमच्या किरणांसाठी अर्धमूल्य थर, म्हणजे मात्रा निम्मी करणारी जाडी, शिशाची साधारण ५ मिलिमीटर, पोलादाची १३ आणि काँक्रीटची ४५ च्या आसपास असते. सोर्स नळीतून बाहेर जाऊन जिथे थांबतो तिथे टंगस्टनचा कॉलिमेटर बसवतात. त्याच्या एका खिडकीतून किरण जोडाकडे जातात आणि बाकीच्या बाजूंना धातू असतो. आपला कॉलिमेटर चार अर्धमूल्य थरांचा आहे असं धरू. दोन, चार, आठ, सोळा: मात्रा सोळाव्या हिश्शावर येते.

पण अंतर सोळाव्या हिश्शावर येत नाही, ते वर्गमुळाने घटतं. मात्रा सोळापट कमी झाली की कॉर्डन चारपट आत येतो: १३७ चे ३४ मीटर. शिशाचा एकच थर घातला तर कॉर्डन १३७ वरून जेमतेम ९७ मीटरवर येतो. याचा अर्थ असा की लांब उभं राहायला जागा आहे तिथे शिसं वाहून नेण्यापेक्षा चार पावलं मागे जाणं स्वस्त पडतं. जागा नसेल तिथे थोडंसं शिसं उपयोगाचं नाही, भरपूर लागतं.

खिडकीच्या दिशेचा हिशेब वेगळा. पाइपची भिंत १३ मिलिमीटरची आहे आणि सोर्स बाहेर ठेवून दोन्ही भिंतींतून आरपार शॉट घेतला जातो आहे, असं समजू. म्हणजे त्या दिशेला पोलादाचे दोन अर्धमूल्य थर आपोआप मिळतात, मात्रा चौथ्या हिश्शावर येते आणि कॉर्डन ६९ मीटरवर. दोरी गोल न राहता लांबट होते: तीन बाजूंना ३४ आणि किरणांच्या तोंडाशी ६९. शक्य असेल तिथे खिडकी जमिनीकडे वळवतात, ती याचसाठी.

बरेच आराखडे इथे संपतात. कागद नीट दिसतो, सही होते आणि दोरी ३४ मीटरवर बांधली जाते. त्यातून एक गोष्ट सुटलेली असते.

सोर्स कॉलिमेटरमध्ये जन्मलेला नसतो. तो कॅमेऱ्यात असतो. हा कॅमेरा म्हणजे फोटोचा नव्हे; डिप्लीटेड युरेनियमचं कवच असलेली जड पेटी. क्रँक फिरवला की पोलादी केबल सोर्सला पुढे ढकलते आणि तो गाइड ट्यूबमधून कॉलिमेटरपर्यंत जातो. शॉट झाला की त्याच वाटेने मागे येतो. आपली गाइड ट्यूब ५ मीटरची आहे आणि जायला ५, यायला ५ सेकंद लागतात असं धरू. या दहा सेकंदांत सोर्सभोवती ना युरेनियम असतं ना टंगस्टन. नळीचं रबर आणि पातळ धातू यांनी गॅमा किरणांना फरक पडत नाही.

दहा सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं. ५० शॉटचे ५०० सेकंद होतात, म्हणजे ०.१४ तास. १ मीटरवर १५० मिलिसिव्हर्टच्या दराने त्याचे आठवड्याला साधारण २१ मिलिसिव्हर्ट झाले. आता कॉलिमेटरमागच्या अडीच तासांचे बघा: ३७५ चा सोळावा हिस्सा, २३ च्या थोडं वर. दोन्ही जवळजवळ सारखे! कॉलिमेटरने अडीच तासांची मात्रा इतकी खाली आणली की नळीतली आठ-सव्वाआठ मिनिटं तिच्या बरोबरीला आली. ३४ मीटरच्या दोरीवर माणसाला आठवड्याला २० ऐवजी ३८ मायक्रोसिव्हर्ट मिळतात. दोन्ही मिळून ४४ मिलिसिव्हर्ट धरून पुन्हा वर्गमूळ काढलं की खरा कॉर्डन येतो ४७ मीटरवर. खिडकीच्या दिशेला ६९ चे ७६ होतात.

एखादा म्हणेल, कॉलिमेटर आणखी जाड घेऊ. आठ अर्धमूल्य थरांचा घेतला तर मात्रा २५६ व्या हिश्शावर येईल आणि साध्या हिशेबाने बाजूचा कॉर्डन ९ मीटरवर यायला हवा. प्रत्यक्षात कॉलिमेटरमागचे दीड मिलिसिव्हर्ट आणि नळीतले २१ मिळून साडेबावीस होतात आणि कॉर्डन ३३ मीटरवर थबकतो. दुप्पट टंगस्टन घालून ४७ चे ३३ झाले. तेच टंगस्टन जसंच्या तसं ठेवून सोर्स अडीच सेकंदांत पोहोचवला आणि अडीच सेकंदांत परत आणला, तर नळीतली मात्रा निम्मी होते आणि कॉर्डन ४१ मीटरवर येतो, एक पैसा खर्च न करता. आखूड गाइड ट्यूब आणि अडखळत न फिरणारा क्रँक यांचं मोल असं निघतं. आडोसा चांगला होत जातो तसा वेळ महाग होतो, आणि तोही आडोशाबाहेरचा वेळ.

हा हिशेब स्वतः रेडिओग्राफरला तर जास्तच लागू होतो. त्याचा क्रँक कॅमेऱ्यापासून १० मीटरवर आहे आणि नळी त्याच रेषेत पुढे गेली आहे. म्हणजे सोर्स कॅमेऱ्यातून बाहेर पडतो तेव्हा तो १० मीटरवर असतो आणि टोकाला पोहोचल्यावर १५ वर. सोर्स सारख्या वेगाने सरकत असेल तर या प्रवासातला सरासरी दर काढायची एक सोपी युक्ती आहे: दोन्ही टोकांच्या अंतरांचा गुणाकार करून त्याने भागायचं. १५० भागिले १०×१५, म्हणजे तासाला १ मिलिसिव्हर्ट. दहा सेकंदांचे २.८ मायक्रोसिव्हर्ट होतात आणि ५० शॉटचे १४०. वर्षाला ७ मिलिसिव्हर्ट.

शॉट चालू असताना तो क्रँकपाशीच उभा राहिला, तर १५ मीटरवर कॉलिमेटरमागचा दर तासाला ४२ मायक्रोसिव्हर्ट पडतो. तीन मिनिटांचे २.१, आठवड्याचे १०४ आणि वर्षाचे ५ मिलिसिव्हर्ट. दोन्ही मिळून १२. नियमात बसतं, पण टीएलडी बॅजचा तिमाही अहवाल हातात घेतल्यावर विचारात पाडेल असा आकडा आहे. त्याऐवजी क्रँक फिरवून तो ३४ मीटरपर्यंत मागे गेला तर शॉटदरम्यानचे वर्षाचे ५ चे १ होतात. क्रँकपाशी बसल्या बसल्या आणखी शिसं ओढून घेण्यापेक्षा हे सोपं आहे. मात्र नळीतल्या प्रवासाचे ७ तसेच राहतात, कारण तेव्हा त्याचे हात क्रँकवरच हवे असतात. क्रँकची जागा एखाद्या काँक्रीटच्या खांबाआड मिळाली तर त्या ७ वर घाव बसतो. ४५ मिलिमीटरचा एक थर मिळाला तरी निम्मे गेले, आणि इमारतीचा खांब त्याहून बराच जाड असतो. साइटवर पोहोचल्यावर कॅमेरा कुठे ठेवायचा हे सगळेच ठरवतात. क्रँक कुठे ठेवायचा हे केबल जाईल तिथे ठरतं, आणि ते बरोबर नाही.

इरिडियमचा अर्धायुकाल ७४ दिवसांचा आहे. अडीच महिन्यांनी आपल्या ३० क्युरीचे १५ उरतील. सोर्स म्हातारा झाला, आता दोरी जवळ बांधू, असं म्हणण्याचा मोह होतो. फिल्म काळी व्हायला मात्र तेवढीच मात्रा लागते, म्हणून ३ मिनिटांचा शॉट ६ मिनिटांचा होतो. क्युरी आणि मिनिटं यांचा गुणाकार ९० च राहतो आणि कॉलिमेटरमागचा हिशेब तसूभर हलत नाही. निम्मा होतो तो फक्त नळीतल्या दहा सेकंदांचा हिस्सा. उलट नवा, दुप्पट ताकदीचा सोर्स आला की शॉट पटापट होतात, काम लवकर आटपतं, आणि नळीतली मात्रा दुप्पट होते. लवकर आटपलं म्हणून एका रात्रीत जास्त शॉट घेतले तर ती आणखी वाढते.

दवाखान्यातल्या रेडिओग्राफरकडे एका परिच्छेदापुरतं वळतो, कारण वॉर्डात पोर्टेबल यंत्र नेणाऱ्याला हेच गणित वापरता येतं. त्याला मिळणारी मात्रा मुख्यतः रुग्णाच्या शरीरावरून विखुरलेल्या किरणांची असते. १ मीटरवर ती मूळ झोताच्या साधारण हजाराव्या हिश्शाएवढी धरतात. अंतर ट्यूबपासून न मोजता रुग्णाच्या शरीरापासून मोजायचं. १ मीटरवरून २ मीटरवर सरकलं की चौथा हिस्सा. शरीर काही बिंदू नाही, त्यामुळे खाटेच्या काठाशी हा नियम ढिला पडतो, पण दोन मीटरवर पुरेसा खरा असतो. बटणाची दोरी लांब दिलेली असते, ती गुंडाळून ठेवण्यासाठी नव्हे.

आता बिघाड. गाइड ट्यूब कुठेतरी पिचकते आणि सोर्स मध्येच अडकतो, किंवा केबल आणि सोर्सची पिगटेल यांची जोडणी सुटते आणि क्रँक फिरवला तरी केबल एकटीच मागे येते. दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण क्रँक नेहमीसारखा, कधी जरा हलकाच फिरतो. कळण्याच्या खुणा दोन. सोर्स घरी आला की कॅमेऱ्याचं कुलूप आपोआप बसायला हवं. बसलं नाही तर काहीतरी चुकलं आहे. पण कुलपावर विसंबून चालत नाही. खरी खूण सर्व्हे मीटर देतो. बंद कॅमेऱ्याबाहेर १ मीटरवर तासाला २० मायक्रोसिव्हर्टच्या वर दर नसावा अशी मर्यादा असते. उघडा सोर्स तिथेच १,५०,००० देतो. म्हणजे ७,५०० पटींचा फरक, त्यामुळे शंकेला जागा नाही. पण हे समजायला मीटर हातात, चालू आणि पुढे धरलेला हवा. रेडिओग्राफर मीटर घेऊन क्रँकपासून कॅमेऱ्याकडे चालत जातो तेव्हा निम्म्या वाटेवर, ५ मीटरवरच, त्याला कळायला हवं: घरी आलेला सोर्स तिथे एखादाच मायक्रोसिव्हर्ट दाखवेल, कॅमेऱ्याच्या तोंडाशी अडकलेला ६ मिलिसिव्हर्ट. एक धोका असा की गायगर नळीचे काही मीटर फार तीव्र किरणांत गुदमरतात आणि काटा शून्याकडे पडतो. शॉट चालू असताना ज्याने आकडा दाखवलाच नाही, तो मीटर नंतर शून्य दाखवत असेल तर त्याला सोर्स घरी आल्याचा पुरावा मानू नये.

अडकलेला सोर्स कॉलिमेटरबाहेर असला की ४७ मीटरची दोरी निकामी होते. तिथे तासाला ६८ मायक्रोसिव्हर्ट चालू असतात आणि ते दहा सेकंदांनी थांबत नाहीत. दोरी लगेच १३७ मीटरवर न्यावी लागते, जिथे अडीच तास उभ्या राहिलेल्या माणसालाही २० च मायक्रोसिव्हर्ट मिळतील. म्हणून आराखड्यात सुरुवातीपासून दोन रेषा हव्यात, रोजची ४७ ची आणि बिघाडाची १३७ ची. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात कोणाचं घर, वॉचमनची खोली किंवा चहाची टपरी येते का, हे उजेडीच पाहून ठेवायचं. मध्यरात्री शंभर मीटर दोरी सरकवताना लोकांना उठवणं आणि समजावणं यातच वेळ जातो.

सोर्स परत घेण्याचं काम प्रशिक्षित माणसाचं आणि सुरक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखालचं. त्याचं गणित मात्र आधी मांडून ठेवता येतं. दीड मीटरच्या चिमट्याने धरलं तर अंगावरचा दर तासाला ६७ मिलिसिव्हर्ट, आणि ३० सेकंदांचं काम अर्ध्या मिलिसिव्हर्टच्या जरा वर पडतं. ३० सेंटिमीटरच्या पकडीने तेच काम केलं तर १४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे वर्षाच्या सरासरीतला दोन तृतीयांशाहून जास्त हिस्सा अर्ध्या मिनिटात जातो, आणि बोटांचा हिशेब त्यात धरलेलाच नाही. सोर्सवर आधी दुरून शिशाच्या छर्‍यांची पिशवी टाकता आली तर आणखी बरं. दहा मिलिमीटर शिशाएवढी ती भरली तर दर चौथ्या हिश्शावर येतो आणि ३० सेकंदांच्या कामाला दोन मिनिटं मिळतात. चिमटा, पिशवी आणि शिशाचं रिकामं भांडं या तीन वस्तू गाडीतून उतरल्या आहेत का, हे पहिल्या शॉटच्या आधी बघायचं. मोकळ्या चिमट्याने एखादा खिळा उचलून दिवसा सराव केला की ३० सेकंद खरे आहेत की कागदावरचे, तेही समजतं. बहुतेकांना पहिल्या खेपेला दीड मिनिट लागतं आणि मग सगळा हिशेब तिप्पट करून पुन्हा मांडावा लागतो.